पीसीआर फसला: जास्तीचा वेळ आणि रिएजंट मागणारा मेल कसा लिहावा

मुंबईतल्या एका कॉलेजच्या बायोटेक्नॉलॉजी विभागात मी लॅब टेक्निशियन आहे. उणे वीसच्या फ्रीजरची किल्ली, स्टॉक रजिस्टर आणि पीसीआर मशीनचं बुकिंग रजिस्टर ही तिन्ही माझ्याकडे असतात. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट सुरू झाले की माझ्या इनबॉक्समध्ये एकाच साच्यातून काढलेले मेल पडू लागतात. त्यातला एक असा:

> आदरणीय सर, काही तांत्रिक कारणास्तव माझा प्रयोग यशस्वी होऊ शकला नाही. तरी प्रयोग पुन्हा करण्यासाठी आवश्यक ती केमिकल्स आणि थोडा जास्तीचा वेळ देण्यात यावा, ही नम्र विनंती. आपल्याला होणाऱ्या तसदीबद्दल क्षमस्व.

नम्रपणात काही कमी नाही. पण हा मेल वाचून मी काहीच करू शकत नाही. कोणता प्रयोग, काय फसलं, कोणती केमिकल्स, किती, थोडा म्हणजे किती वेळ आणि कधी? हे सगळं मला उलट विचारावं लागतं. मग मेलची ये-जा सुरू होते आणि त्यात चार दिवस जातात. तेवढ्यात दुसऱ्या कोणीतरी मशीन बुक केलेलं असतं.

मी जागेवरून न उठता, कोणाला फोन न करता 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकेन, असा मेल कसा तयार करायचा ते एका खऱ्याखुऱ्या प्रकारच्या उदाहरणावरून सांगतो. वरचा मेल पाठवणाऱ्या मुलीलाच मी समोर बसवून दुसरा मेल लिहायला लावला होता. तिचा प्रोजेक्ट असा: ऐरोलीजवळ खाडीकाठच्या कांदळवनातल्या चिखलातून तिने सहा जिवाणू वेगळे केले होते. ते कोणते हे ओळखायला त्यांचं १६एस जीन पीसीआरने वाढवायचं होतं. प्रायमर नेहमीचेच, २७एफ आणि १४९२आर. बँड यायला हवा होता साधारण दीड हजार बेसपेअरवर. आला नाही. जेलवर लॅडर सोडून सगळं कोरं होतं.

आधी जेल नीट वाचा

मेल लिहायला बसण्याआधी जेलचा फोटो समोर घ्या. नक्की काय फसलं यावर तुम्हाला काय मागायचं ते ठरतं, आणि दहातले निम्मे विद्यार्थी नको ते मागतात असा माझा अनुभव आहे.

पहिल्यांदा लॅडरकडे बघा. लॅडरच दिसत नसेल तर घोळ जेलमध्ये, रंगात किंवा करंटमध्ये आहे. पीसीआर कदाचित उत्तम झालेला असेल. अशा वेळी टॅक, प्रायमर काहीच मागू नका. तुम्ही जेलवर पाच मायक्रोलिटर चढवले असतील तर ट्यूबमध्ये अजून वीस शिल्लक आहेत. फक्त अर्धा ग्रॅम अगारोज आणि जेल टँक मागा आणि तेच सँपल पुन्हा चालवा. एकाने संपूर्ण रिएजंटची यादी पाठवली होती. मी विचारलं, जुन्या ट्यूब कुठे आहेत? टाकून दिल्या म्हणाला. तेव्हा पहिला नियम हाच की फसलेल्या प्रयोगाच्या ट्यूब निकाल समजेपर्यंत फ्रीजरमध्ये राहू द्यायच्या.

लॅडर छान दिसतोय, पॉझिटिव्ह कंट्रोलचा बँडही आलाय, पण तुमची सँपल कोरी आहेत. म्हणजे रिअ‍ॅक्शन चालते आहे आणि अडचण तुमच्या डीएनएमध्ये आहे. तो कमी असेल, तुटला असेल किंवा त्यात पीसीआर अडवणारं काहीतरी उतरलं असेल. इथे मास्टर मिक्स पुन्हा पुन्हा लावून उपयोग नाही. डीएनए दहापट पातळ करून एकदा बघा, नाहीतर पुन्हा काढा. मागणी त्यानुसार बदलेल.

निगेटिव्ह कंट्रोलमध्येही बँड आला असेल तर कुठेतरी भेसळ झाली आहे, आणि १६एसच्या बाबतीत ही गोष्ट फार छळते. हे प्रायमर जवळपास कुठल्याही जिवाणूच्या डीएनएला चिकटतात, आणि बाजारातलं टॅक बहुतेक वेळा ई. कोलायमध्येच बनवलेलं असतं. त्याचा अंशभर डीएनए एन्झाइमबरोबर येऊ शकतो. म्हणून आधी पाणी आणि प्रायमरची नवी अ‍ॅलिकॉट मागायची. तरीही बँड येत राहिला तर टॅकचा लॉट बदलून बघायचा.

आमच्या मुलीचं प्रकरण चौथ्या प्रकारचं होतं. लॅडर स्वच्छ, निगेटिव्ह कोरा, सहाही सँपल कोरी आणि पॉझिटिव्ह कंट्रोलसुद्धा कोरा. पॉझिटिव्हला ई. कोलायचा डीएनए होता, तो आधीच्या बॅचमध्ये व्यवस्थित चालला होता. तोच कोरा म्हणजे रिअ‍ॅक्शनच झालेली नाही. निगेटिव्ह कोरा आहे म्हणून ती खूश होती, पण पॉझिटिव्ह चाललेला नसताना निगेटिव्ह कोरा असण्याला काही अर्थ नसतो. आणि तिच्या सहा डीएनएंबद्दल या जेलवरून बरं-वाईट काहीच म्हणता येत नाही. दुसऱ्या मेलच्या पहिल्या मसुद्यात तिने 'माझे डीएनए खराब असावेत' असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं.

चूक वहीत सापडते

रिअ‍ॅक्शनच झाली नसेल तर कारणं मोजकी असतात. काहीतरी घालायचं राहिलं, काहीतरी मेलेलं होतं किंवा मशीनमध्ये प्रोग्रॅम चुकीचा निवडला गेला. मशीनचा प्रोग्रॅम मी तिच्यादेखत उघडून पाहिला, तो बरोबर होता. त्याच ट्यूबमधलं टॅक आणि डीएनटीपी दोन दिवस आधी दुसऱ्या मुलाने वापरले होते आणि त्याचे बँड आले होते. मग वही उघडली.

वहीत तिने मास्टर मिक्सची यादी लिहून प्रत्येक वस्तू घातल्यावर बरोबरची खूण केली होती. बफर, डीएनटीपी, दोन्ही प्रायमर, टॅक, पाणी. मॅग्नेशियम क्लोराइड यादीतच नव्हतं.

हे का झालं तेही बघण्यासारखं आहे. आदल्या वर्षी प्रॅक्टिकलला या मुलांनी तयार दोनपट मास्टर मिक्स वापरलं होतं. त्यात सगळं घातलेलंच असतं, तुम्ही फक्त प्रायमर, डीएनए आणि पाणी टाकायचं. प्रोजेक्टला आम्ही सुटे घटक देतो. त्यात बफर दोन प्रकारचा येतो. एकात मॅग्नेशियम असतं, दुसऱ्यात नसतं, आणि ते वेगळ्या ट्यूबमध्ये येतं. दोन्ही ट्यूब दिसायला सारख्या, फरक फक्त लेबलवरच्या बारीक अक्षरांत. टॅकला मॅग्नेशियम मिळालं नाही तर ते काम करत नाही, बाकी सगळं कितीही बरोबर असलं तरी. उलट बाजूने, बफरमध्ये मॅग्नेशियम असताना वरून पुन्हा घातलं तर नको ते बँड येऊ लागतात. म्हणून लेबल वाचून, कोणता बफर आहे हे वहीत लिहायचं.

मेलमध्ये हे कारण जसंच्या तसं लिहा. 'मॅग्नेशियम क्लोराइड घालायचं माझ्याकडून राहिलं' हे एक वाक्य लिहायला मुलांना फार जड जातं. त्याऐवजी ती 'रिएजंटमध्ये काही प्रॉब्लेम असावा' असं लिहितात. आता माझ्या जागेवरून बघा. हे वाक्य वाचलं की मला टॅकचा लॉट तपासावा लागतो, तो ज्यांनी ज्यांनी वापरला त्यांना विचारावं लागतं आणि तोवर ती ट्यूब कोणालाच देता येत नाही. तुमची एक झाकलेली चूक पाच जणांची कामं थांबवते. आणि कारण सापडलंच नसेल तर 'सापडलं नाही, पण एवढं तपासलं' असं लिहा. तेही चालतं.

किती लागेल: आकडा काढा

एका पंचवीस मायक्रोलिटरच्या रिअ‍ॅक्शनला आमच्याकडे लागतं ते असं: दहापट बफर २.५, पंचवीस मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड १.५, दहा मिलिमोलर डीएनटीपी मिक्स ०.५, दहा मायक्रोमोलरचे दोन्ही प्रायमर प्रत्येकी ०.५, टॅक ०.२५, डीएनए १ आणि उरलेलं १८.२५ पाणी. सगळे आकडे मायक्रोलिटरमध्ये.

तिने पहिल्यांदा सरळ आठ रिअ‍ॅक्शन मागितल्या. सहा सँपल, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. त्यावर सांडलवंडीसाठी एक जास्तीची, म्हणजे नऊ. हिशेब बरोबर होता, पण मला पटला नाही. मॅग्नेशियम हेच कारण आहे हा आपला अंदाज. तो चुकला तर पुन्हा नऊ रिअ‍ॅक्शन वाया, आणि मग तिसऱ्यांदा मागायला तोंड राहत नाही.

म्हणून दोन टप्पे करा. पहिल्या टप्प्यात तीनच ट्यूब: पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि आपल्या सहांपैकी एक सँपल. जास्तीची एक धरून चार रिअ‍ॅक्शनचं मिक्स. पॉझिटिव्ह आला तर कारण सापडलं. बरोबरचं सँपलही आलं तर आपल्या डीएनएवरही भरवसा बसला, आणि ते सँपल पुन्हा लावायची गरज उरली नाही. मग दुसऱ्या टप्प्यात उरलेली पाच सँपल, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, वर एक जास्तीची, अशा आठ रिअ‍ॅक्शन. एकूण बारा.

बारा हा आकडा नवापेक्षा मोठा आहे, हे तिनेही बोलून दाखवलं. खरं आहे. पण अंदाज चुकला तर नुकसान चारच रिअ‍ॅक्शनचं होतं, नवाचं नाही. स्टॉक सांभाळणारा माणूस असाच विचार करतो, म्हणून टप्प्यांत मागितलेलं लवकर मंजूर होतं.

तिला आणखी एक ट्यूब लावायची होती, मॅग्नेशियम न घातलेली. तेच कारण होतं हे सिद्ध करायला. शास्त्र म्हणून कल्पना चांगली आहे. पण मॅग्नेशियमशिवाय काय होतं ते तिच्या फसलेल्या आठ ट्यूबनी आधीच दाखवलं होतं. आपली चूक पुन्हा सिद्ध करायला स्टॉक मागू नये.

आता बाराने गुणा. बफर ३०, मॅग्नेशियम क्लोराइड १८, डीएनटीपी ६, प्रायमर प्रत्येकी ६, टॅक ३ मायक्रोलिटर. पाणी २१९ येतं, २५० मागा. हे आकडे बघून एक गोष्ट ध्यानात येईल: सुट्या एका रिअ‍ॅक्शनला टॅक पाव मायक्रोलिटर लागतं, जे आमच्या पिपेटने धड उचलता येत नाही. चारचं मिक्स केलं की ते एक मायक्रोलिटर होतं आणि आठचं केलं की दोन. मास्टर मिक्स करायचं हेही एक कारण.

जेलसाठी एक टक्क्याचं पन्नास मिलिलिटरचं छोटं जेल, म्हणजे अर्धा ग्रॅम अगारोज. दोन टप्प्यांचे दोन जेल, एक ग्रॅम. लॅडरच्या दोन लेन, लोडिंग डाय आणि पीसीआरच्या दहा ट्यूब. इथिडियम ब्रोमाइड मागू नका. ते आमच्याकडे मीच घालतो, कारण ते डीएनएमध्ये शिरून बसतं आणि त्याचा हात दुसरीकडे लागलेला कोणालाच परवडत नाही.

कशाचा साठा तुमच्याकडे आधीच आहे तेही लिहा. तिच्या स्वतःच्या प्रायमरच्या अ‍ॅलिकॉट शिल्लक होत्या. तेवढं यादीतून कमी झालं.

वेळ: कोणाचा आणि किती

'थोडा जास्तीचा वेळ' या शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी गुंडाळलेल्या असतात: मशीनचा वेळ, टेबलाचा वेळ आणि माझा वेळ. त्या सुट्या करा.

मशीनचा वेळ मोजून काढता येतो. सुरुवातीला ९४ अंशांवर पाच मिनिटं. मग ९४ वर तीस सेकंद, ५५ वर तीस सेकंद, ७२ वर नव्वद सेकंद, असे पस्तीस फेरे. एका फेऱ्याला अडीच मिनिटं, म्हणजे पस्तिसाला साडेसत्त्याऐंशी मिनिटं. शेवटी ७२ वर दहा मिनिटं. बेरीज एकशे दोन मिनिटांच्या आसपास. विद्यार्थी इथेच थांबतात आणि दोन तास बुक करतात. पण तापमान वर-खाली नेण्यात मशीनचा वेळ जातो तो यात धरलेला नाही. आमचं मशीन जुनं आहे, ते दमानेच चढतं-उतरतं. बुक करताना तीन तास धरा.

टेबलावर मिक्स बनवायला नवख्या हाताला पाऊण ते एक तास. मशीन चालू असतानाच जेल ओतून ठेवायचं, म्हणजे ट्यूब बाहेर येईपर्यंत ते घट्ट झालेलं असतं. शंभर व्होल्टवर पाऊण तास, वर सँपल चढवणं आणि फोटो, असा जेलचा दीड तास. साडेदहाला सुरुवात केली, साडेअकराला मशीन लावलं, अडीचला ट्यूब काढल्या तर चारला फोटो हातात. लॅब पाचला बंद होते. म्हणजे तिला संध्याकाळी थांबायची गरजच नव्हती. पहिल्या मसुद्यात ती रात्री आठपर्यंतची परवानगी मागणार होती!

गाडी उशिरा आली आणि मशीन साडेबाराला लागलं, तरी घाबरू नका. प्रोग्रॅमच्या शेवटी १० अंशांवर थांबायची सोय असते. ट्यूब तिथे थांबू शकतात आणि जेल दुसऱ्या दिवशी चालवता येतं. मेलमध्ये ही पर्यायी वाट लिहिली की मला कळतं, हिला जेलसाठी पाचनंतर लॅब उघडी ठेवावी लागणार नाही.

रविवार मागू नका. रविवारी लॅब उघडायची तर माझ्याबरोबर वॉचमनही लागतो आणि लेखी परवानगीही. वर मेगाब्लॉक असतो. डोंबिवलीहून मी तीन तासांच्या पीसीआरसाठी येईन असं वाटत असेल तर तुम्ही फार आशावादी आहात.

दोन तारखा द्या, एक पहिली पसंती आणि एक पर्याय. आणि त्याआधी खाली येऊन बुकिंग रजिस्टर स्वतः बघून जा. टी.वाय.च्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यात मशीन मागणारे मेल मला दरवर्षी येतात.

माझ्या हातात काय आहे, काय नाही

उघडलेल्या ट्यूबमधून, रजिस्टरवर सही घेऊन, ठरलेल्या प्रमाणात देणं माझ्या हातात आहे. रिकाम्या वेळेत मशीन देणंही. नवी टॅकची ट्यूब फोडायची असेल, नवीन काही मागवायचं असेल किंवा वेळेबाहेर थांबायचं असेल तर गाइडची आणि विभागप्रमुखांची सही लागते. त्यामुळे मेलच्या सीसीमध्ये गाइड हव्यातच, आणि त्यांच्याशी आधी बोलणं झालेलं हवं. 'मॅडमशी बोलणं झालं आहे' हे खरं असेल तरच लिहा. एकदा एकाने ते तसंच ठोकून दिलं होतं. मॅडमनी सीसीतला मेल वाचून सगळ्यांना उत्तर पाठवलं: 'कधी?'

मेल

आता लिहा. भाषा कोणती हा प्रश्न मुलं विचारतात. मुंबईत सवयीने इंग्रजीत लिहितात. माझ्याशी तुम्ही दिवसभर मराठीत बोलता तर मेल मराठीत लिहायला हरकत नाही. मात्र रिएजंटचं नाव आणि प्रमाण ट्यूबच्या लेबलवर जसं आहे तसं लिहा, त्याचं भाषांतर करू नका. लॅबमध्ये मला सगळे 'काका' म्हणतात. मेल गाइडकडेही जातो, म्हणून त्यात 'सर' बरं. 'आदरणीय', 'आपला आज्ञाधारक' वगैरेची गरज नाही.

विषयाची ओळ अशी लिहा की शंभर मेलमधून ती वेगळी दिसेल. 'विनंती' एवढाच विषय असलेले माझ्याकडे या क्षणी अकरा मेल आहेत. तिचा शेवटचा मेल हा:

> विषय: १६एस पीसीआर पुन्हा करण्यासाठी रिएजंट व मशीन: मंगळवार १० आणि गुरुवार १२ फेब्रुवारी
>
> नमस्कार सर,
>
> सोमवारी २ फेब्रुवारीला लावलेला माझा १६एस पीसीआर फसला. लॅडर दिसतो, पण पॉझिटिव्ह कंट्रोलसकट सगळ्या लेन कोऱ्या आहेत. वही तपासल्यावर कळलं की मॅग्नेशियम क्लोराइड घालायचं माझ्याकडून राहिलं होतं. बफर मॅग्नेशियम नसलेला होता. जेलचा फोटो लेनच्या क्रमासह जोडला आहे.
>
> पुन्हा करताना दोन टप्पे करायचे आहेत. मंगळवारी तीनच ट्यूब: पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि आयसोलेट १. त्यात पॉझिटिव्हचा बँड आला तरच गुरुवारी बाकीची पाच सँपल कंट्रोलसह लावेन. नाही आला तर गुरुवारचं बुकिंग मंगळवारी संध्याकाळीच सोडेन.
>
> दोन्ही टप्प्यांसाठी मिळून (१२ रिअ‍ॅक्शन): दहापट बफर ३० मायक्रोलिटर, २५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड १८, १० मिलिमोलर डीएनटीपी मिक्स ६, टॅक ३, पाणी २५०, ई. कोलायचा डीएनए २ मायक्रोलिटर. पीसीआर ट्यूब १०, अगारोज १ ग्रॅम, लॅडर दोन लेनपुरता, लोडिंग डाय. प्रायमर माझ्याकडे आहेत. मंगळवारी फक्त चार रिअ‍ॅक्शनपुरतंच घेईन.
>
> वेळ: दोन्ही दिवशी पीसीआर मशीन ११.३० ते २.३० आणि जेल टँक २.३० ते ४. रजिस्टरमध्ये या वेळा आज दुपारी रिकाम्या होत्या. जमत नसेल तर बुधवार ११ आणि शुक्रवार १३, याच वेळा. मशीन लावायला उशीर झाला तर ट्यूब १० अंशांवर ठेवून जेल दुसऱ्या दिवशी चालवेन, पाचनंतर थांबायची गरज नाही.
>
> मॅडमशी काल बोलणं झालं आहे, त्या सीसीमध्ये आहेत. नवी टॅकची ट्यूब फोडावी लागणार असेल तर कृपया कळवा, मी मॅडमची सही घेऊन येईन.
>
> शुक्रवारी दुपारी तुम्हाला लॅबमध्ये भेटून जाईन.
>
> (नाव, वर्ग, रोल नंबर, मोबाइल)

हा मेल गुरुवारी ५ फेब्रुवारीला आला. वाचायला मला दोन मिनिटं लागली. रजिस्टर उघडलं, दोन्ही वेळा खरंच रिकाम्या होत्या. उत्तर एका ओळीचं होतं: 'चालेल. मंगळवारी साडेदहाला बर्फाचा डबा घेऊन ये.'

या मेलमधलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य 'गुरुवारचं बुकिंग मंगळवारी संध्याकाळीच सोडेन' हे आहे. मशीन अडवून ठेवून न येणारे इतके असतात की हे वाक्य लिहिणाऱ्याला मी पुढच्या वेळी आधी धरतो.

फोटोबद्दल थोडंसं

जेल डॉक्युमेंटेशन यंत्रातून काढलेला फोटो जोडा. मोबाइलवर पडद्याचा काढलेला तिरका फोटो नको, त्यात फिकट बँड दिसत नाही. लेनचा क्रम फोटोवर किंवा मेलमध्ये लिहा. फाइलच्या नावात तारीख असू द्या.

पाठवल्यानंतर

दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर पुन्हा मेल पाठवण्यापेक्षा खाली या. आम्ही दिवसातला बराच वेळ ऑटोक्लेव्हपाशी असतो, स्क्रीनसमोर नाही. येताना मेल मोबाइलवर उघडून आणा.

ज्या दिवशी रिएजंट घ्याल त्या दिवशी स्वतःच्या छोट्या ट्यूब, मार्कर आणि बर्फ घेऊन या. मूळ ट्यूब टेबलावर नेऊ नका. डीएनटीपी पुन्हा पुन्हा गोठवून वितळवले की खराब होतात, म्हणून मी लागतील तेवढेच काढून देतो. टॅक ग्लिसरॉलमध्ये असल्यामुळे उणे वीसला गोठत नाही, पण टेबलावर गरम होत पडलं तर त्याचं काही खरं नाही. घेतलं तेवढं रजिस्टरमध्ये लिहून सही करा. वापरलं नाही ते त्याच दिवशी परत द्या.

आणि निकाल कळवा, त्याच मेलला उत्तर म्हणून, नवा मेल नको. आमच्या मुलीचं उत्तर मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी आलं: पॉझिटिव्ह आला, निगेटिव्ह कोरा, आयसोलेट १ चा बँड दीड हजारावर, गुरुवारचं बुकिंग ठेवते. गुरुवारी उरलेल्या पाचांतले चार आले. आयसोलेट ४ कोरा राहिला, पण या वेळी पॉझिटिव्ह आलेला होता, म्हणजे दोष त्या एका डीएनएचा. तो दहापट पातळ करून, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हसह आणखी एकदा लावायचा होता, जास्तीची धरून चार रिअ‍ॅक्शन. त्याच मेलखाली तिने तीन ओळींत आकडे लिहिले आणि तारीख मागितली. मी लिहिलं, 'सोमवारी ये, मशीन सकाळी रिकामं आहे. टॅक संपत आलंय, मॅडमची सही घेऊन ये.'